वाक्य न तोडता लांब रेकॉर्डिंगचे भाग कसे करावेत

आमच्या लालबागच्या चाळीतल्या खोलीत एका रविवारी दुपारी तात्यांनी, म्हणजे माझ्या थोरल्या काकांनी, गिरणीतल्या नोकरीच्या आठवणी सांगितल्या आणि मी त्या फोनवर रेकॉर्ड केल्या. रेकॉर्डिंग १ तास ५२ मिनिटे ३० सेकंदांचे झाले आणि फाइल १०८ एमबीची. डोंबिवलीपासून कुडाळपर्यंत पसरलेल्या नातेवाइकांना ते व्हॉट्सॲपवर ऐकवायचे होते, म्हणून मी घाईघाईने त्याचे बरोबर पंधरा-पंधरा मिनिटांचे तुकडे केले आणि धाडून दिले. दुसऱ्या तुकड्याचा शेवट १८ जानेवारी १९८२ च्या, म्हणजे गिरणी संप सुरू झाला त्या दिवसाच्या वर्णनावर आला होता. तो असा : ‘त्या दिवशी मी कामावर गेलो’. पुढचा ‘नाही’ हा शब्द तिसऱ्या तुकड्याच्या सुरुवातीला पडला. संध्याकाळी कुडाळहून आत्याचा फोन आला. ‘अरे, संपाच्या पहिल्याच दिवशी तात्या कामावर गेला होता? मला तर कधी बोलला नाही तो.’

मराठीत क्रियापद आणि त्याचा नकार वाक्याच्या अगदी टोकाला येतात, त्यामुळे शेवटचा अर्धा सेकंद कापला गेला तर वाक्य केवळ अपुरे राहत नाही, ते उलटते. त्यानंतर मी तेच रेकॉर्डिंग पुन्हा, नीट कापले. ते कसे कापले, हे येथे सविस्तर सांगत आहे.

सर्वप्रथम मर्यादेविषयी. व्हॉट्सॲपवर फाइल दोन प्रकारे पाठवता येते आणि दोन्हींची मर्यादा वेगळी आहे. डॉक्युमेंट म्हणून पाठवायच्या फाइलची मर्यादा २०२२ मध्ये १०० एमबीवरून २ जीबी करण्यात आली, त्यामुळे माझी १०८ एमबीची फाइल त्या मार्गाने अखंड गेली असती. परंतु डॉक्युमेंट म्हणून आलेली पावणेदोन तासांची फाइल वेगळ्या ॲपमध्ये उघडावी लागते आणि ती आधी पूर्ण डाउनलोड करावी लागते. गावाकडच्या सत्तरीतल्या माणसाला ते जमेलच असे नाही. ऑडिओ म्हणून पाठवलेला भाग गटातच बोट लावले की वाजतो. त्या मार्गासाठी १६ एमबी ही वर्षानुवर्षे चालत आलेली मर्यादा धरून चालणे सुरक्षित ठरते. आपल्या ॲपची मर्यादा वेगळी असेल तर पुढच्या हिशेबात १६ च्या जागी तो आकडा घालावा, बाकी रीत बदलत नाही.

हिशेब सोपा आहे. दाबून साठवलेल्या आवाजाचा आकार दोनच गोष्टींवर ठरतो : तो किती वेळ चालतो आणि दर सेकंदाला किती बिट खर्च होतात, म्हणजेच बिटरेट. आवाज किती मोठा आहे किंवा किती माणसे बोलत आहेत याचा त्याच्याशी जवळपास संबंध नसतो. माझ्या फोनने १२८ किलोबिट प्रतिसेकंद या दराने रेकॉर्ड केले होते. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून दर सेकंदाला १६,००० बाइट. ६,७५० सेकंदांना त्याने गुणले की १०,८०,००,००० बाइट, म्हणजे १०८ एमबी होतात. हीच फाइल विंडोजवर पाहिली तर १०३ एमबी दिसते, कारण तेथे एक एमबी म्हणजे १०,४८,५७६ बाइट धरतात. फाइल तीच असते, मोजण्याचे माप तेवढे बदलते. मर्यादेच्या बाबतीत मात्र लहान माप धरावे, म्हणजे १६ एमबीचे १,६०,००,००० बाइट. त्याला १६,००० ने भागले की १,००० सेकंद येतात. याचा अर्थ माझा कोणताही भाग १६ मिनिटे ४० सेकंदांपेक्षा लांब असता कामा नये. शिवाय बिटरेट हा सरासरी आकडा असतो आणि फाइलच्या आत काही अनुक्रमणिकाही असते, म्हणून मी पाच टक्के राखून ९५० सेकंद ही स्वतःची सीमा ठरवली.

याच टप्प्यावर एक प्रश्न स्वतःला विचारून घ्यावा : इतके भाग करण्याची खरोखर गरज आहे का? फक्त बोलण्याच्या रेकॉर्डिंगला १२८ किलोबिट चैनीचे आहेत. ६४ किलोबिट मोनोमध्ये हेच रेकॉर्डिंग ५४ एमबी होते, आणि ३२ किलोबिटमध्ये २७ एमबी, म्हणजे केवळ दोन भाग. मी तसे केले नाही. तात्यांचा आवाज आधीच घोगरा आहे, त्यात खोलीतला पंखा सुरू होता, आणि पंख्याची घरघर फार दाबली की ती पाण्यात बुडबुडे यावेत तशी ऐकू येऊ लागते. पुन्हा एन्कोड न करता भाग करता येत असतील, तर आवाजाला हात लावू नये असे माझे मत आहे. सभेचे इतिवृत्त किंवा शिकवणीचा तास असता, तर मी निःसंकोच दाबला असता.

फाइल कापण्याचा एक चुकीचा मार्ग फार लोकप्रिय आहे, तोही सांगितला पाहिजे. मोठ्या फाइलचे बाइट मोजून तुकडे करणारी साधने असतात. अशा तुकड्यांपैकी एकही तुकडा एकट्याने वाजेल याची खात्री नसते, कारण ते सर्व पुन्हा जोडण्यासाठीच केलेले असतात. फोनवर बनणाऱ्या `.m4a` फाइलमध्ये तर कोणता आवाज कोठे साठवला आहे याची यादी बहुतेक वेळा फाइलच्या शेवटी लिहिलेली असते, त्यामुळे पहिला तुकडासुद्धा उघडत नाही. आपल्याला हवे आहेत ते स्वतंत्रपणे वाजणारे भाग, आणि त्यासाठी आवाजाची रचना समजणारे साधन लागते. मी संगणकावर `ffmpeg` वापरतो. ते मोफत आहे आणि आज्ञा टाइप करून चालवावे लागते.

आता मुख्य मुद्दा, वाक्य कोठे संपते हे शोधण्याचा. यंत्राला वाक्य कळत नाही, त्याला फक्त शांतता कळते, आणि तीही आपण व्याख्या करून दिली तरच. व्याख्येत दोन आकडे लागतात : आवाज किती खाली गेला म्हणजे शांतता मानायची, आणि तो किती वेळ खाली राहिला पाहिजे. `ffmpeg` मधील `silencedetect` हे फिल्टर हे काम करते. आपण काहीच सांगितले नाही तर ते -६० डेसिबलच्या खाली किमान २ सेकंद राहिलेली जागाच शांत मानते. मुंबईतल्या चाळीच्या खोलीत अशी जागा मध्यरात्रीही मिळणार नाही. मी पहिल्यांदा ते तसेच चालवले तेव्हा पावणेदोन तासांत एकही शांतता सापडली नाही आणि मला वाटले की फाइलच बिघडली आहे.

म्हणून आधी आपल्या खोलीची शांतता मोजावी लागते. रेकॉर्डिंगमध्ये कोणीही बोलत नाही असे दोन सेकंद कानाने शोधावेत. माझ्या फाइलमध्ये चौथ्या मिनिटाला तात्या पाणी प्यायला थांबले होते. तेवढाच भाग मोजण्याची आज्ञा अशी आहे :

```
ffmpeg -ss 190 -t 2 -i tatya.m4a -af volumedetect -f null -
```

शेवटी `mean_volume` आणि `max_volume` असे दोन आकडे छापले जातात. पाहणारा साहजिकच सरासरीचा आकडा उचलतो, आणि तेथेच चुकतो. `silencedetect` सरासरी काढत नाही. ते आवाजाचा प्रत्येक नमुना, म्हणजे सेकंदाला हजारो आकडे, उंबरठ्याशी ताडून पाहते, आणि एक जरी नमुना वर गेला तरी शांतता तेथे संपली असे मानते. त्यामुळे उंबरठा हा शांत जागेतल्या सर्वांत मोठ्या आवाजाच्या, म्हणजे `max_volume` च्या, दोन-तीन डेसिबल वर हवा. माझ्याकडे हा आकडा -३३ च्या आसपास आला. तो फारच वर होता, कारण तात्यांच्या वाक्याचा शेवट, त्यांचे ‘होतं’ आणि ‘नाही’, जवळपास तेवढ्याच हळू आवाजात होता. उंबरठा -३१ वर ठेवला असता तर यंत्राने ‘नाही’ लाच शांतता समजले असते.

यावर उपाय पंख्याच्या स्वभावातच आहे. पंख्याची घरघर बहुतांशी खर्जातली असते. बोलण्यातले जे समजते ते त्याच्या बरेच वर असते. तपासण्यापुरता खालचा पट्टा गाळून टाकला, तर शांत जागा खरोखर शांत होते आणि बोलणे जवळपास तसेच राहते. हे गाळणे केवळ मोजणीसाठी असते, मूळ फाइलला धक्का लागत नाही. १५० हर्ट्‌झच्या खालचा भाग गाळून तीच दोन सेकंदांची जागा मोजली तर सर्वांत मोठा आवाज -४१ पर्यंत उतरला, आणि मी उंबरठा -३८ ठेवला.

दुसरा आकडा कालावधीचा. तो फार लहान ठेवला तर यंत्राला शब्दांच्या पोटातही शांतता सापडते. ‘सत्तर’ किंवा ‘अप्पा’ म्हणताना जोडाक्षरावर ओठ किंवा जीभ क्षणभर वाट बंद करते आणि तेवढा वेळ खरोखर काही ऐकू येत नाही. ही बंदी सेकंदाच्या एक-दोन दशांशांच्या पुढे सहसा जात नाही. श्वास घेण्याचे थांबे त्याहून मोठे असतात. सावकाश बोलणाऱ्या माणसासाठी मी ०.७ सेकंद धरतो, झपाट्याने बोलणाऱ्यासाठी ०.४. पूर्ण आज्ञा अशी झाली :

```
ffmpeg -i tatya.m4a -af highpass=f=150,silencedetect=noise=-38dB:d=0.7 -f null - 2> thambe.txt
```

`thambe.txt` ही साधी मजकुराची फाइल आहे आणि नोटपॅडमध्ये उघडते. तिच्यात प्रत्येक थांब्याच्या दोन ओळी येतात, त्यातला उपयोगी भाग असा दिसतो :

```
silence_start: 871.264
silence_end: 872.731 | silence_duration: 1.467
```

म्हणजे ८७१.२६ व्या सेकंदाला बोलणे थांबले आणि जवळपास दीड सेकंदाने पुन्हा सुरू झाले. यादी पाहिल्यावर आकडे योग्य आहेत की नाही हे लगेच कळते. मिनिटाला चार-पाच थांबे दिसले तर ठीक आहे. संपूर्ण फाइलमध्ये दहाच दिसले तर उंबरठा फार खाली आहे, आणि सेकंदागणिक थांबे दिसू लागले तर तो फार वर आहे किंवा कालावधी फार लहान आहे.

यादी हातात आली की कापायचे कोठे हे ठरवायचे. येथे मर्यादेपर्यंत धावत जाऊन तिच्या अलीकडचा शेवटचा थांबा पकडण्याचा मोह होतो. तसे केल्यास प्रत्येक भाग काठोकाठ भरतो, शेवटी एखादा दोन मिनिटांचा शेपटासारखा भाग उरतो, आणि थांबा चांगला आहे की वाईट हे निवडायला जागाच राहत नाही. मी उलट जातो. ६,७५० सेकंदांना १,००० ने भागले तर पावणेसात येतात, म्हणजे सात भागांत काम होऊ शकते. परंतु सातांत प्रत्येक भाग सरासरी ९६४ सेकंदांचा होतो आणि माझी ९५० ची सीमा तेथेच ओलांडली जाते. आठ भाग केले की सरासरी ८४४ वर येते आणि प्रत्येक छेदाच्या दोन्ही बाजूंना सुमारे शंभर सेकंद हिंडायला मिळतात. एक भाग जास्त झाला, पण त्या बदल्यात चांगले वाक्य निवडण्याची सवड मिळाली.

पहिला छेद ८४४ च्या आसपास हवा होता, म्हणून मी यादीत ७४४ ते ९४४ या पट्ट्यातले थांबे पाहिले. त्यातले तीन ठळक होते : ७९१ व्या सेकंदाचा ०.९ सेकंदांचा, ८७१ चा दीड सेकंदांचा आणि ९३१ चा २.१ सेकंदांचा. सर्वांत लांब थांबा म्हणजे वाक्याचा शेवट, असे मानून मी ९३१ घेणार होतो. ऐकल्यावर कळले की तेथे तात्या म्हणाले होते, ‘मुकादम खात्यात आला आणि मला म्हणाला की’, आणि मग मुकादम नेमके काय म्हणाला ते आठवत दोन सेकंद गप्प बसले होते. ७९१ वर ऐकले तर ते वाक्य पुरे होते, पण लगेच पुढे ‘आणि म्हणूनच’ अशी सुरुवात होती, म्हणजे विचार अर्ध्यावर होता. ८७१ ला मात्र ‘तेव्हापासून मी रात्रपाळी मागून घेतली’ असे म्हणून त्यांनी पेला खाली ठेवल्याचा आवाज आहे, आणि पुढे वेगळाच विषय सुरू होतो. छेद तेथेच घेतला.

या एका छेदात सगळी अडचण आणि तिचा उलगडा दोन्ही दिसतात. मराठी बोलणारा माणूस वाक्याच्या शेवटी थांबतोच, पण तितक्याच सहजतेने ‘की’, ‘आणि’, ‘म्हणजे’, ‘तर’, ‘पण’ यांच्यानंतरही थांबतो, आणि आठवण सांगणारा म्हातारा माणूस तर तेथेच अधिक वेळ थांबतो, कारण पुढचा तपशील तो शोधत असतो. म्हणून लांबी पाहून थांबे निवडावेत, पण निकाल कानाने द्यावा. प्रत्येक छेदासाठी थांब्याच्या आधीचे दहा सेकंद आणि नंतरचे पाच ऐकले की पुरते. शेवटचा शब्द क्रियापद किंवा नकार असावा, आणि आवाजाची पट्टी खाली उतरलेली असावी. पट्टी वर टांगलेली राहिली असेल तर वाक्य संपलेले नाही, मग थांबा कितीही लांब असो. आठ भागांसाठी सातच छेद लागतात, त्यामुळे हे ऐकण्याचे काम चहा निवायच्या आत होते. ज्यांना आकड्यांची यादी वाचण्याचा कंटाळा येतो, त्यांनी ऑडॅसिटीमध्ये फाइल उघडून लाटांचे चित्र पाहावे. थांबे तेथे सपाट रेघ होऊन डोळ्यांना दिसतात. मात्र ऑडॅसिटी भाग बाहेर काढताना आवाज पुन्हा एन्कोड करते, म्हणून मी तिचा उपयोग फक्त जागा पाहण्यासाठी करतो.

थांबा ठरल्यावर त्याच्या आत नेमके कोठे कापायचे हा लहानसा पण महत्त्वाचा प्रश्न उरतो. अगदी `silence_start` वर कापले तर वाक्याच्या शेवटच्या स्वराची शेपूट जाते, कारण ती उंबरठ्याच्या खाली गेली असली तरी कानाला ऐकू येत असते. अगदी `silence_end` वर कापले तर पुढच्या भागाची सुरुवात फुटते : ‘ह’ आणि ‘स’ यांसारखे श्वासाने सुरू होणारे वर्ण यंत्राला उशिरा जाणवतात, त्यामुळे ‘हा’ चा ‘आ’ होतो. मधोमध कापणे उत्तम. ८७१.२६ आणि ८७२.७३ यांचा मध्य ८७२.० येतो.

सातही छेद असे ठरल्यावर कापण्याची आज्ञा एकच आहे :

```
ffmpeg -i tatya.m4a -map 0:a -c copy -f segment \
 -segment_times 872.0,1719.4,2588.1,3401.7,4266.0,5109.5,5953.2 \
 -segment_start_number 1 -reset_timestamps 1 bhag%02d.m4a
```

ओळीच्या शेवटी असलेली तिरकी रेघ ही आज्ञा पुढच्या ओळीवर चालू आहे असे सांगते. ती मॅक आणि लिनक्सवर चालते, विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर सगळी आज्ञा एकाच ओळीत लिहावी. `-c copy` म्हणजे आवाज पुन्हा एन्कोड न करता जसाच्या तसा उचलून ठेव. त्यामुळे गुणवत्ता तसूभरही घटत नाही आणि पावणेदोन तासांची फाइल काही सेकंदांत कापली जाते. `-reset_timestamps 1` विसरले तर दुसऱ्या भागापासून प्रत्येक भागाचे घड्याळ शून्याऐवजी मूळ वेळेपासून सुरू होते, आणि काही प्लेअर सुरुवातीला बराच वेळ मुके राहतात. `-segment_start_number 1` नसेल तर पहिल्या भागाला शून्य क्रमांक मिळतो, आणि मग ‘भाग शून्य कोणता?’ असे फोन येतात.

जसेच्या तसे उचलण्याला एक बारीक किंमत मोजावी लागते. दाबलेला आवाज सलग नसतो, तो लहान पाकिटांत असतो, आणि छेद दोन पाकिटांच्या मध्येच जाऊ शकतो. `.m4a` फाइलमध्ये आवाज सहसा ज्या एएसी प्रकारात असतो, त्यात एका पाकिटात १,०२४ नमुने असतात, म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या दराने सुमारे २३ मिलिसेकंद. छेद तेवढा पुढेमागे सरकतो, ते कोणालाच कळत नाही. त्याहून महत्त्वाचे असे की प्रत्येक पाकीट उलगडताना आधीच्या पाकिटाचाही आधार लागतो आणि नव्या भागाच्या पहिल्या पाकिटाला तो आधार नसतो, त्यामुळे सुरुवातीचे काही मिलिसेकंद नीट उलगडत नाहीत. एमपी३ मध्येही असेच होते, कारण तेथे एका पाकिटाचा काही मजकूर आधीच्या पाकिटांतल्या उरलेल्या जागेत भरलेला असू शकतो. शब्दाच्या मध्ये कापले तर येथे ‘टक्’ असा आवाज येतो. शांततेच्या मधोमध कापले तर जे बिघडते ती शांतताच असते. वाक्य जपण्यासाठी निवडलेली जागा अशी तांत्रिक बाजूनेही सर्वांत सुरक्षित ठरते.

व्हिडिओच्या बाबतीत ही मोकळीक नाही. तेथे न एन्कोड करता कापायचे तर छेद फक्त पूर्ण चित्र साठवलेल्या चौकटीवर, म्हणजे की-फ्रेमवर, पडतो, आणि काही व्हिडिओंमध्ये अशा दोन चौकटींमध्ये दहा-दहा सेकंदांचे अंतर असते. आपण निवडलेल्या थांब्यानंतरची पहिली की-फ्रेम पुढच्या वाक्याच्या पोटात असू शकते. अशा वेळी व्हिडिओ नव्याने एन्कोड करणे हाच खात्रीचा उपाय आहे.

कधी कधी दोनशे सेकंदांच्या पट्ट्यात वापरण्याजोगा एकही थांबा मिळत नाही. माझ्याकडे चौथ्या भागाच्या सुरुवातीला हेच झाले होते : तात्या रंगात आले होते, मध्येच काकू बोलत होत्या, आणि बाहेर कुकरच्या शिट्ट्या. कुकरची शिट्टी खर्जातली नसल्यामुळे १५० हर्ट्‌झची गाळणी तिला अडवत नाही, आणि वाक्य संपल्यावरचा थांबा यंत्राला दिसतच नाही. २,५८८.१ हा छेद मी यादीतून नव्हे तर कानाने शोधला. वाक्य तेथे संपते, पण विषय चालूच राहतो. म्हणून तेथे मी भागांना एकमेकांवर थोडे चढवले : तिसरा भाग वाक्य संपवूनच थांबतो, आणि चौथा भाग त्या छेदाच्या आठ सेकंद आधी सुरू होतो, म्हणजे ते वाक्य दोन्हींत येते. त्यासाठी तो एक भाग वेगळा काढला :

```
ffmpeg -ss 2580 -to 3401.7 -i tatya.m4a -map 0:a -c copy bhag04.m4a
```

ही आज्ञा चालवताना तयार झालेल्या जुन्या `bhag04.m4a` वर लिहू का, असे विचारले जाते, त्याला होकार द्यावा. ऐकणाऱ्याला पुनरुक्ती खटकत नाही, मालिकेत मागच्या भागाचा शेवट पुन्हा दाखवतात त्याची सगळ्यांना सवय आहे. हा भाग ८२१.७ सेकंदांचा झाला, म्हणजे सुमारे १३.१ एमबी, सीमेच्या बराच आत.

पाठवण्याआधी दोन गोष्टी तपासल्या. एक म्हणजे आकार : सर्वांत मोठा पहिला भाग १४ एमबीच्या जरा आत भरला, तेव्हा प्रश्न नव्हता. बिटरेट सतत बदलणाऱ्या फाइलमध्ये मात्र हे तपासणे टाळू नये, कारण तेथे सारख्याच लांबीच्या दोन भागांच्या आकारात बराच फरक पडू शकतो. दुसरे म्हणजे प्रत्येक भागाचे शेवटचे पाच सेकंद आणि पुढच्याचे पहिले पाच सेकंद, फोनवरच आणि इअरफोन लावून ऐकले. संगणकाच्या स्पीकरवर न जाणवणारी अर्धवट ‘ह’ इअरफोनमध्ये चटकन कळते.

पाठवताना एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. ऑडिओ म्हणून आलेली फाइल अँड्रॉइड फोनवर साठवली जाते तेव्हा तिचे नाव `AUD` आणि तारीख अशा धाटणीचे होते, आपण दिलेले `bhag03` राहत नाही. शिवाय आठही भाग एकदम पाठवले तर कोणाच्या फोनवर कोणता आधी उतरेल हे नेटवर्कवर अवलंबून असते, आणि ऐकणारा पाचव्यानंतर तिसरा ऐकू शकतो. म्हणून मी एक भाग पूर्ण पोहोचल्यावरच पुढचा पाठवला, आणि प्रत्येकाच्या आधी एक ओळ लिहिली : ‘भाग ३/८, “संप मिटेल असं वाटत होतं” पासून’. पहिले शब्द लिहून दिल्यामुळे क्रम चुकला तरी कोणता भाग कोठला हे सापडते.

दुसऱ्या भागाचा नवा शेवट आता १,७१९.४ व्या सेकंदाला आहे, संपाच्या पहिल्या दिवसाचे वर्णन सुरू होण्याच्या थोडे आधी, आणि ‘त्या दिवशी मी कामावर गेलो नाही’ हे वाक्य तिसऱ्या भागाच्या दुसऱ्या मिनिटात सलग ऐकू येते. जुने तुकडे मी गटातून सर्वांसाठी डिलीट केले. आत्याच्या फोनमध्ये मात्र ते आधीच डाउनलोड झालेले होते, तेव्हा तिला कोणता ठेवायचा आणि कोणता काढायचा हे फोनवर, एकेक करून, सांगावे लागले.